कोडच्या ढिगातून थीम कशी बांधायची: डायलिसिसच्या मुलाखतींचं एक उदाहरण

प्रश्न: "एम.एस्सी. नर्सिंगच्या थिसीससाठी डायलिसिसवरच्या १४ रुग्णांच्या मुलाखती घेतल्या, सगळ्या टाईप केल्या, २१२ कोड काढले. त्यातून पाच थीम केल्या: शारीरिक त्रास, मानसिक त्रास, आर्थिक ताण, कुटुंबाचा आधार, पाण्याचं पथ्य. गाईड म्हणतात, वरवरच्या आहेत, परत कर. काय चुकलं तेच कळत नाहीये."

या पाच नावांना आधी एक साधी कसोटी लावून बघा. पहिली मुलाखत घ्यायच्या आधी ही नावं तुम्हाला लिहिता आली असती का? माझ्या मते आली असती. तुमच्या मुलाखतीच्या प्रश्नावलीत बहुधा हेच पाच विभाग असतील. म्हणजे रुग्णांनी तासतासभर जे सांगितलं ते तुम्ही आधीच तयार असलेल्या कप्प्यांत भरलं आहे. "कुटुंबाचा आधार" हा विषय झाला. त्या आधाराबद्दल रुग्णांनी नेमकं काय सांगितलं, हे त्या नावातून कळत नाही. आधार हवाहवासा वाटला की जाचला, की दोन्ही? थीममध्ये काहीतरी म्हणणं असावं लागतं, पूर्ण वाक्यात सांगता येईल आणि ज्यावर कुणी "खरंच का?" असं विचारू शकेल असं. गाईड ज्याला वरवरचं म्हणताहेत, ते बहुधा हेच.

पुढे जाण्याआधी तुमचा मंजूर झालेला सिनॉप्सिस उघडा आणि पद्धत कोणती लिहिली आहे ते बघा, कारण उत्तर थोडंफार त्यावर अवलंबून आहे. ग्रेनहाइम आणि लुंडमन यांच्या २००४ च्या लेखाप्रमाणे आशय-विश्लेषण करणार असं लिहिलं असेल, तर त्यात कॅटेगरी आणि थीम हे दोन वेगळे थर आहेत. मजकुरात उघड दिसणारं ते कॅटेगरीत येतं, तिथे तुमची विषयवार नावं चालू शकतात, आणि थीमचा थर त्याच्यावर अजून बांधायचा राहिला आहे. कोलाइझीची पद्धत लिहिली असेल, तर महत्त्वाची विधानं, त्यांचे अर्थ, मग अर्थांचे गट, असा ठरलेला सात पायऱ्यांचा क्रम आहे आणि शेवटी निष्कर्ष घेऊन रुग्णांकडे परत जायचं असतं. नुसतं "थिमॅटिक अॅनालिसिस" लिहिलं असेल, तर बहुतेक वेळा ब्राउन आणि क्लार्क यांची २००६ ची सहा टप्प्यांची मांडणी अभिप्रेत असते. तेच धरून पुढचं लिहिते. मात्र थीम बांधण्याचं जे काम खाली दाखवते आहे, ते तिन्हीत करावं लागतंच.

आता एकच कप्पा घेऊ, पाण्याचं पथ्य. खऱ्या रुग्णांचे शब्द इथे देणं योग्य नाही, म्हणून अशा मुलाखतींत जे ऐकायला मिळतं त्या धर्तीवर मी चार उतारे रचले आहेत.

रुग्ण ६: "सिस्टर वजन घेतात तेव्हा मी काट्याकडे बघतच नाही. तीन किलो वाढलेलं असलं की त्या बोलत काही नाहीत, पण चेहऱ्यावरून कळतं. मग मीच आधी सांगून टाकतो, काल पाहुणे होते घरी. कुठले पाहुणे? तहान लागली होती, एवढंच."

रुग्ण ११: "मुलगी ग्लास मोजून ठेवते. ती झोपली की मी उठते. नळ हळू सोडते, आवाज नको व्हायला. एकच घोट. पण चोरीच ना ती."

रुग्ण ९: "चार्ट दिला होता मला, काय प्यायचं किती प्यायचं. घरी दाखवलाच नाही. दाखवला असता तर सगळे मोजत बसले असते."

रुग्ण ३: "सुरुवातीला फार वाटायचं. आता सवय झाली. मीच वहीत लिहितो रोजचं. काट्यावर उभं राहिलं की बघतो, आज दोनच किलो. बरं वाटतं."

तुमच्या सध्याच्या मांडणीत हे उतारे कुठे गेले असतील बघा. सहावा आणि तिसरा पाण्याच्या पथ्यात. अकरावा मुलीमुळे कुटुंबाच्या आधारात, कदाचित "मुलगी काळजी घेते" असा कोड लागून. नववा कदाचित "माहितीचा वापर नाही" म्हणून कुठेतरी कडेला. चारही उतारे जागच्या जागी नीट बसलेले दिसतात, आणि म्हणूनच ते एकमेकांशी काय बोलताहेत हे दिसत नाही.

दुरुस्ती थीमपासून सुरू करू नका, कोडपासून करा. २१२ कोडांपैकी किती कोड एका शब्दाचे आहेत ते मोजा. "भीती", "तहान", "वजनवाढ" अशा कोडवरून मूळ वाक्य आठवत नाही, त्यामुळे ढीग करताना हात आपोआप विषयाकडे वळतो. मी विद्यार्थ्यांना सांगते, कोड असा लिहा की ट्रान्सक्रिप्ट न बघताही रुग्ण काय करत होता किंवा त्याला काय वाटत होतं ते कळावं. सहाव्या उताऱ्याला "वजनवाढ" आणि "खोटं बोलणं" एवढंच लिहिलं, तर हातात काही उरत नाही. त्याऐवजी "न बोललेली नाराजी चेहऱ्यावर वाचतो" आणि "तहान हे कारण चालणार नाही म्हणून दुसरं कारण पुढे करतो" असे दोन कोड लिहा. अकराव्याला "घरचं माणूस मोजदाद करतं", "आवाज न करता पाणी पिते", "स्वतःच्या पिण्याला चोरी म्हणते". नवव्याला "पहारा नको म्हणून चार्ट लपवला". तिसऱ्याला "हिशेब स्वतः ठेवतो, काटा बघून समाधान".

एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती नंतर दुरुस्त करता येत नाही. मुलाखत ज्या भाषेत झाली त्याच भाषेत कोड करा. थिसीस इंग्रजीत लिहायचा आहे म्हणून पुष्कळ जणी आधी सगळ्या मुलाखतींचं भाषांतर करतात आणि कोड भाषांतरावर काढतात. तसं केलं की अकराव्या रुग्णाच्या उताऱ्यासमोर "फ्लुइड नॉन-कम्प्लायन्स" असा कोड येऊन बसतो. हा शब्द आपला आहे, वॉर्डातला. तिचा शब्द "चोरी" होता. त्या एका शब्दात लाज आहे, घरातलं नातं आहे, रात्रीची वेळ आहे. भाषांतर शेवटी करा, फक्त प्रबंधात जाणाऱ्या उताऱ्यांचं, आणि मूळ वाक्य शेजारी ठेवून.

कोड नीट झाले की ते कागदाच्या पट्ट्यांवर काढा. एक्सेलमध्ये ठेवले तरी चालतात, पण पहिली वर्गवारी मी अजूनही जमिनीवर पट्ट्या मांडूनच करायला लावते, कारण सगळं एका नजरेत राहतं आणि पट्टी उचलून दुसरीकडे ठेवायला मन कचरत नाही. प्रत्येक पट्टीवर कोड, मूळ वाक्य, रुग्णाचा क्रमांक आणि ट्रान्सक्रिप्टमधला ओळ क्रमांक हवाच. ओळ क्रमांक कशासाठी, ते "सवय झाली" या दोन शब्दांवरून लक्षात येईल. रुग्ण ३ हे म्हणतो, त्याच्या पुढेमागे वही आहे आणि समाधान आहे. समजा रुग्ण १३ सुद्धा म्हणतो, "सवय झाली. आता विचारत नाही कुणाला काही." इथे तेच शब्द हार मानल्याचे आहेत. पट्टीवर नुसतं "सवय झाली" असेल, तर दोन्ही पट्ट्या "स्वीकार" नावाच्या ढिगात जाऊन बसतील. शंका आली की त्या ओळीवर परत जा आणि आधीच्या आणि नंतरच्या दहा ओळी वाचा.

ढीग करताना मी एकच नियम पाळायला सांगते. ढिगाला नाव देऊ नका, वाक्य द्या, आणि त्या वाक्यात क्रियापद असू द्या. "पाणी" असं न लिहिता "रुग्ण तहान लपवतात" असं लिहा. हे वाक्य लिहिताक्षणी ढीग बदलायला लागतो. अकरावी पट्टी कुटुंबातून उठून इकडे येते. नववी कडेची पट्टी इकडे येते. "बर्फाचा तुकडा चघळतो", "तोंड कोरडं पडतं" अशा पट्ट्या आतापर्यंत याच ढिगात होत्या, पण त्यात लपवणं काहीच नाही, म्हणून त्या बाहेर जातात. विषयाचा ढीग फुटून अर्थाचा ढीग तयार होतो तो असा.

मग स्वतःला विचारा, कुणापासून लपवतात? सहावा नर्सपासून, अकरावी मुलीपासून, नववा सगळ्या घरापासून. आणि का लपवतात? शिक्षा होईल म्हणून कुणीच म्हणत नाही. समोरच्याला हिशेब द्यावा लागतो आणि त्या हिशेबात "तहान लागली" हे उत्तर धरलं जात नाही, असं तिघांच्याही बोलण्यातून निघतं. आता वाक्य असं होतं: "पाण्याचं पथ्य रुग्णाला दुसऱ्यापुढे द्यावा लागणारा हिशेब वाटतो, म्हणून तो तहान लपवतो." हे तुमच्या प्रश्नावलीत नव्हतं. हे मुलाखतींनी दिलं.

आता रुग्ण ३ कडे या. त्याचा उतारा या वाक्यात बसत नाही. पथ्य तेच, काटा तोच, पण तो लपवत नाही, उलट आकड्याची वाट बघतो. इथे विद्यार्थ्यांकडून सर्रास एक गोष्ट होते: न बसणारी पट्टी हळूच "इतर"मध्ये सरकवली जाते, किंवा "काही रुग्णांनी सकारात्मक दृष्टिकोन ठेवला" अशी एक ओळ लिहून विषय संपवला जातो. तसं करू नका. न बसणारा रुग्ण थीम घडवायला सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. त्याच्यात आणि बाकी तिघांत फरक काय, ते शोधा. तिघांचा हिशेब दुसरं कुणीतरी ठेवतं आहे, तिसरा रुग्ण तो स्वतः वहीत ठेवतो. म्हणजे लाजेचं मूळ पथ्यात नसून मोजदाद कुणाच्या हातात आहे यात असावं. थीमचं वाक्य परत बदलतं आणि नाव सापडतं: "हिशेब कुणाच्या हातात". त्याखाली तीन उपथीम सरळ दिसतात: काट्यापुढे दिलेली कारणं, घरातला पहारा, आणि स्वतःची वही. आणि नर्सिंगच्या दृष्टीने चर्चेच्या प्रकरणात लिहायला काहीतरी ठोस हाताला लागतं, कारण वजन घेताना आपण काय बोलतो आणि वही कुणाला देतो, हे आपल्या हातात असतं.

एवढं झाल्यावर लगेच लिहायला बसू नका. ब्राउन आणि क्लार्क यांच्या चौथ्या टप्प्यात थीम दोनदा तपासायची असते, एकदा ढिगातल्या उताऱ्यांशी आणि एकदा पूर्ण मुलाखतींशी. पहिली तपासणी सोपी आहे. दुसरीत मात्र सगळ्या १४ ट्रान्सक्रिप्ट परत वाचाव्या लागतात, या वेळी एकच प्रश्न मनात ठेवून: या थीमच्या विरुद्ध जाणारं कुठे काही आहे का? बहुतेकदा कोड करताना सुटलेली दोनतीन वाक्यं याच वाचनात सापडतात.

याच वेळी आणखी एक तपासणी करा, माझ्या अनुभवात तिचा फार फायदा होतो. प्रत्येक अभ्यासात एखादा रुग्ण फार छान बोलणारा असतो. आपल्या उदाहरणात तो सहावा आहे. त्याची वाक्यं लक्षात राहतात, म्हणून नकळत थीम त्याच्याभोवती उभी राहते. त्याच्या सगळ्या पट्ट्या बाजूला काढा आणि उरलेल्यांवर थीम उभी राहते का बघा. राहिली तर ठीक. कोसळली तर ती एका माणसाची गोष्ट आहे, आणि तिला थीम म्हणून मांडता येणार नाही. उलट बाजूने, १४ पैकी किती जणांनी म्हटलं याच्या टक्केवारीचा तक्ता पुरावा म्हणून देऊ नका. मोकळ्या मुलाखतीत प्रत्येकाला तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारलेला नसतो. एखाद्याने लपवण्याबद्दल काही सांगितलं नाही, याचा अर्थ तो लपवत नाही असा होत नाही.

यातून एक अवघड प्रश्न निघतो आणि तो टाळू नका. मुलाखत घेताना तुम्ही कोण होता? त्याच युनिटमध्ये काम करणारी, कधीतरी वजन घेणारी सिस्टर असाल, तर काही रुग्णांनी तुमच्याहीपासून तहान लपवली असणार. आमच्या एका विद्यार्थिनीच्या कामात हे अगदी उशिरा लक्षात आलं. ती ज्या पाळीत काम करायची त्या पाळीतल्या रुग्णांच्या मुलाखतींत पथ्य मोडल्याचा उल्लेख जवळजवळ नव्हता, आणि दुसऱ्या पाळीतल्या रुग्णांनी मोकळेपणाने सांगितलं होतं. तिने तो फरक दडवला नाही, संशोधकाच्या भूमिकेबद्दलच्या परिच्छेदात लिहिला. परीक्षकांनी सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच विचारले, आणि तिच्याकडे उत्तरं होती, कारण प्रत्येक मुलाखतीनंतर तिने अर्धं पान टिपण लिहून ठेवलं होतं. तुम्ही लिहिलं नसेल तर आठवतंय तोवर आता लिहा आणि त्यावर आजचीच तारीख घाला.

दुसऱ्या कुणाकडून कोड तपासून घ्यायचे का, याबद्दल मतभेद आहेत. काही ठिकाणी दोन कोडरांमधल्या सहमतीचा आकडा मागतात. आधीच ठरलेली कोडची यादी वापरून काम केलं असेल, तर तो आकडा अर्थपूर्ण असतो. वर दाखवलेल्या पद्धतीत तो फारसं काही सांगत नाही, कारण दोन जाणकार माणसं त्याच वाक्यात वेगळं बघणं स्वाभाविक आहे, आणि ब्राउन आणि क्लार्क यांचीही भूमिका हीच आहे. तुमच्या संस्थेने आग्रह धरला तर दोन ट्रान्सक्रिप्ट सहकाऱ्याला द्या, फरकांवर समोरासमोर बसून बोला, आणि त्या बोलण्यामुळे कोणते कोड बदलले ते लिहा. ढिगांचे फोटोही टप्प्याटप्प्याने काढून तारखेसह ठेवा. "पाणी" पासून "हिशेब कुणाच्या हातात" पर्यंत कशा पोहोचलात, हे विचारलं की दाखवायला तेच कामी येतात.

प्रकरण लिहिताना प्रत्येक थीमची सुरुवात तिच्या वाक्याने करा, उताऱ्याने नको. उताऱ्याच्या आधी वाचकाला काय बघायचं ते सांगा आणि नंतर त्यातून काय दिसलं ते लिहा. असं काहीसं:

"पथ्य पाळण्यापेक्षा पथ्याचा हिशेब देणं रुग्णांना जड जात होतं. वजन घेतलं जात असताना नर्स काही बोलली नाही, तरी रुग्ण कारण तयार ठेवत. 'कुठले पाहुणे? तहान लागली होती, एवढंच' (रुग्ण ६). तहान हे खरं कारण त्याला माहीत आहे, पण काट्यापुढे ते सांगण्याजोगं वाटत नाही, म्हणून तो पाहुण्यांचं निमित्त पुढे करतो. जिथे हिशेब रुग्णाच्या स्वतःच्या हातात होता, तिथे मात्र हे लपवणं आढळलं नाही."

एकाखाली एक पाच उतारे लावून मध्ये "दुसऱ्या रुग्णाने असे सांगितले" एवढंच लिहिलं, तर विश्लेषण वाचकाच्या गळ्यात पडतं. दोन उतारे पुरे असतात, तिसरा विरुद्ध बाजूचा. आणि "थीम आपोआप उमटल्या" असं लिहू नका. त्या तुम्ही बांधल्या, कशा बांधल्या ते सांगा.

उतारे निवडताना रुग्णांची ओळख जपा, आणि डायलिसिसमध्ये हे विशेष जपावं लागतं. तेच रुग्ण आठवड्यातून दोनतीनदा त्याच पाळीत चारचार तास शेजारी बसलेले असतात, एकमेकांच्या घरची माणसं ओळखतात. वय, व्यवसाय आणि "ग्लास मोजणारी मुलगी" एकत्र आलं की क्रमांक देऊन उपयोग नाही, युनिटमधलं कुणीही नाव सांगेल. सहभागींच्या तक्त्यात नेमकं वय न देता वयोगट द्या, आणि अशी खूण पटणारा तपशील उताऱ्यात थोडा बदला. बदल केला आहे हे पद्धतीच्या प्रकरणात नोंदवा.

तुमच्या बाकीच्या चार कप्प्यांनाही याच रीतीने फोडा. १४ मुलाखतींतून तीन ते पाच थीम निघाल्या तर मला पुरेशा वाटतात. आठनऊ निघाल्या तर त्यातल्या काही अजून विषयच आहेत असं समजते. "आर्थिक ताण" बहुधा फुटेल. काही पट्ट्या घरात कुणाचं ओझं कोण उचलतं यात जातील, काही डायलिसिसची पाळी चुकवण्याच्या निर्णयाशी जोडल्या जातील. फोडूनही एखादा ढीग नुसता विषयच राहिला, "खर्च इतका येतो" एवढंच सांगणारा, तर त्याला ओढूनताणून थीम करू नका. तो मजकूर सहभागींच्या परिस्थितीच्या वर्णनात, थीम सुरू होण्याआधी, दोन परिच्छेदांत देता येतो. कुठेच न बसलेल्या पट्ट्या एका पाकिटात घालून ठेवा. चर्चेचं प्रकरण लिहायला घ्याल तेव्हा ते पाकीट एकदा उघडून बघा.